२९,००० मधली तीन शून्ये

१८५६ साली भारताचे सर्व्हेयर जनरल अँड्र्यू वॉ यांनी हिमालयातले ‘शिखर १५’ हे जगातले सर्वांत उंच शिखर असल्याचे जाहीर केले. उंची दिली २९,००२ फूट. पुढे या शिखराला वॉ यांच्या आधीचे सर्व्हेयर जनरल जॉर्ज एव्हरेस्ट यांचे नाव मिळाले. ही उंची ज्या आकडेमोडीतून आली तिच्याशी राधानाथ सिकदर या बंगाली गणितज्ञाचे नाव कायमचे जोडले गेले आहे.

या आकड्याची एक गोष्ट गिर्यारोहकांच्या गप्पांत आणि पुस्तकांत हमखास भेटते. हिशेब पुरा झाला तेव्हा उत्तर नेमके २९,००० फूट आले म्हणे. पण इतका गोल आकडा छापला तर लोक म्हणतील, ‘अंदाजाने ठोकून दिलेला दिसतोय.’ म्हणून दोन फूट वाढवले आणि मग आकडा मोजल्यासारखा दिसू लागला.

गोष्ट कितपत खरी, ते पुढे पाहू. पण तिच्यातली भीती अगदी खरी आहे. नुसते ‘२९,००० फूट’ असे लिहिले तर ती तीन शून्ये मोजून आलेली आहेत की केवळ जागा भरायला बसवलेली आहेत, हे वाचणाऱ्याला कळायला काही मार्ग नसतो. एखाद्याने हजारांत अंदाज केला असेल तर खरी उंची २८,५०० ते २९,५०० यांच्यात कुठेही असू शकते. शेकड्यापर्यंत मोजले असेल तर ती २८,९५० ते २९,०५० यांच्यात येते. आणि फुटापर्यंत मोजले असेल तर शंका उरते ती जेमतेम अर्ध्या फुटाची. तिन्ही माणसे कागदावर लिहितात मात्र एकच आकडा.

मोजून आलेल्या संख्येतले किती अंक विश्वासाचे, हे सांगण्यासाठी विज्ञानात ‘सार्थ अंक’ मोजतात. ज्यांच्याबद्दल खात्री आहे ते सगळे अंक आणि त्यांच्यानंतरचा पहिला शंकेचा अंक, एवढे सार्थ. त्यापुढे जे काही लिहिले जाते ते मोजमापातून आलेले नसते. एक ते नऊ या अंकांबाबत फारसा घोळ होत नाही. कोणी ७ लिहिला तर तो कुठून तरी मोजून आला असणार, असे आपण धरून चालतो. घोळ होतो तो शून्याचा, कारण शून्याकडे दोन कामे आहेत. कधी ते ‘इथे मोजले आणि काही नाही असे दिसले’ असे सांगते, तर कधी इतर अंकांना त्यांच्या स्थानावर नुसते टेकवून ठेवते.

मिलिमीटरच्या खुणा असलेली साधी पट्टी घेऊन पेन्सिल मोजली, तर दोन्ही कामे समोर दिसतात. पेन्सिलीचे टोक १४.३ आणि १४.४ सेंटिमीटर यांच्या मध्ये कुठेतरी पडले, तर नजरेने अंदाज करून १४.३५ लिहिता येते. यातले पहिले तीन अंक खात्रीचे आणि शेवटचा ५ अंदाजाचा, म्हणजे सार्थ अंक चार. आता टोक १४.३ च्या खुणेवर बरोबर टेकले असे समजा. तेव्हा लिहायचे १४.३०. हे शेवटचे शून्य शोभेचे नाही. पुढच्या स्थानाकडे पाहिले आणि तिथे जास्तीचे काही दिसले नाही, ही बातमी ते देते. नुसते १४.३ लिहिले तर ती बातमीच पुसली जाते. म्हणून दशांश चिन्हानंतर शेवटी आलेली शून्ये सार्थ धरतात. ती लिहिण्याची दुसरी काही गरजच नव्हती. ती काढली तरी संख्येची किंमत बदलत नाही. तरीही कोणी ती लिहिली असतील तर त्यामागे मोजमाप आहे. सोनाराच्या काट्यावर दिसणारे १०.००० ग्रॅम आणि तोंडी सांगितलेले १० ग्रॅम यांच्यात फरक आहे तो हाच.

हीच १४.३० सेंटिमीटरची पेन्सिल आता वेगवेगळ्या एककांत लिहून पाहावी. मीटरमध्ये ती ०.१४३० होते, किलोमीटरमध्ये ०.०००१४३०. डावीकडे शून्यांची रांग लागली म्हणून पेन्सिल जास्त बारकाईने मोजली गेली असे कोणी म्हणणार नाही. ती शून्ये एकक बदलल्यामुळे आली आणि एकक पुन्हा बदलले की जातील. त्यामुळे सुरुवातीची शून्ये कधीच सार्थ नसतात. दोन अंकांच्या मध्ये सापडलेली शून्ये मात्र नेहमी सार्थ, कारण त्यांच्या पुढचा अंक जर मोजलेला असेल तर मधले स्थान न मोजता तिथवर पोहोचता आलेच नसते.

आता उलट दिशेने जाऊ. मायक्रोमीटरमध्ये ही पेन्सिल १,४३,००० होते. अडचण इथे येते. तीन शून्ये दिसतात, पण त्यांतले पहिले पट्टीवर प्रत्यक्ष पाहिलेले आहे आणि पुढची दोन फक्त जागा राखायला आली आहेत. आकडा एकच, शून्ये शेजारी शेजारी, पण एक सार्थ आणि दोन नाहीत. नुसत्या लेखनावरून हे कोणालाही ओळखता येणार नाही. पाठ्यपुस्तकांत यासाठी एक ठरावीक नियम सापडतो: दशांश चिन्ह नसलेल्या पूर्ण संख्येच्या शेवटची शून्ये सार्थ धरू नयेत. परीक्षेत तो उपयोगी पडतो. पण तो सावधपणाचा नियम आहे, आकड्यामागे खरोखर काय घडले ते तो सांगत नाही. सार्थ अंक ठरतात ते मोजताना. लिहिताना ते फक्त नोंदवले जातात किंवा हरवतात.

ते हरवू नयेत म्हणून शास्त्रज्ञ संख्या दहाच्या घातात लिहितात. पेन्सिल १.४३० × १०⁵ मायक्रोमीटर अशी लिहिली की संख्येचा आकार सांगण्याचे काम दहाच्या घाताकडे जाते आणि पुढच्या भागात फक्त मोजलेले अंक उरतात. तिथे शून्य दिसले तर ते सार्थच.

आता पुन्हा शिखर १५ कडे येऊ. त्या २९,००० मधली किती शून्ये कमावलेली होती, हे तपासता येते. कारण ज्या निरीक्षणांवरून उंची काढली त्यांची उत्तरे छापून उपलब्ध आहेत. नेपाळात सर्वेक्षकांना प्रवेश नव्हता. त्यामुळे १८४९-५० च्या मोसमात गंगेच्या मैदानाच्या उत्तर कडेच्या सहा ठिकाणांवरून, शंभर मैलांहून अधिक अंतरावरून, थिओडोलाइट या कोन मोजण्याच्या यंत्राने शिखराकडे नेम धरला गेला. क्षितिजापासून शिखर किती वर दिसते तो कोन आणि शिखराचे अंतर यांवरून प्रत्येक ठिकाणाची स्वतंत्र उंची निघाली. जिरोलहून २८,९९१.६ फूट, मिर्झापूरहून २९,००५.३, जनजीपतीहून २९,००१.८, लदनियाहून २८,९९८.६, हरपूरहून २९,०२६.१ आणि मिनईहून २८,९९०.४.

या सहांची सरासरी वाचकाने स्वतः काढून पाहावी. बेरीज १,७४,०१३.८ येते आणि तिला सहाने भागले की २९,००२.३. म्हणजे दोन फूट कोणी पदरचे घातलेले नाहीत, ते हिशेबातूनच आले आहेत. निदान या छापील आकड्यांशी ती लोकप्रिय गोष्ट जुळत नाही.

पण दोन फूट हिशेबातून आले म्हणून ते सार्थ ठरतात का? इथे सरासरीपेक्षा त्या सहा आकड्यांची पांगापांग जास्त बोलकी आहे. सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त उंचीत जवळजवळ ३६ फुटांचे अंतर आहे. प्रत्येक उत्तर फुटाच्या दहाव्या भागापर्यंत लिहिले आहे, आणि सहा जण दशकाच्या स्थानावरही एकमत नाहीत. तेव्हा त्या .६, .३, .८ या शेपट्यांना काही अर्थ नाही. कोनांवरून आकडेमोड करताना त्या आपोआप निघाल्या. सहा निरीक्षणे एकत्र केल्याने काही चुका एकमेकींना खातात आणि सरासरी एकेकट्या निरीक्षणापेक्षा भरवशाची होते. संख्याशास्त्राच्या नेहमीच्या रीतीने हिशेब केला तर या सरासरीतली अनिश्चितता सुमारे ५ फूट येते. मग लिहायला हवे २९,००२ ± ५ फूट. एककाचा अंक शंकेचा, पण पहिला शंकेचा अंक धरतात, म्हणून सार्थ अंक पाच. दशांशानंतरचे ३ टाकून द्यायचे. भागायला घेतलेल्या सहाने या हिशेबात काही बिघडत नाही, कारण ठिकाणे मोजून नेमकी सहाच होती. मोजलेल्या वस्तूंची संख्या किंवा व्याख्येने ठरलेले आकडे, उदाहरणार्थ एका फुटाचे ०.३०४८ मीटर, हे अचूकच असतात आणि उत्तराचे सार्थ अंक कमी करत नाहीत.

इथेच थांबता आले असते, तर वॉ यांचा आकडा शेवटच्या अंकापर्यंत समर्थनीय ठरला असता. पण पांगापांग फक्त एका प्रकारची चूक दाखवते. जी चूक सहाही ठिकाणी एकाच दिशेने झाली असेल ती आकड्यांच्या पसाऱ्यात दिसतच नाही.

अशी एक चूक तिथे होती. शंभर मैलांवरून येणारा प्रकाश सरळ येत नाही. मैदानावरची गरम दाट हवा आणि शिखराजवळची थंड विरळ हवा यांतून येताना तो वाकतो आणि शिखर असते त्यापेक्षा वर दिसते. इतक्या अंतरावर या वाकण्यामुळे हजार फुटांच्या आसपास फरक पडतो. हा फरक उंचीतून वजा करायचा असतो आणि तो किती धरायचा ते हवेच्या तापमानावर आणि दाबावर ठरते. वर, शिखराच्या वाटेतल्या हवेत, तेव्हा कोणी तापमापी नेलेली नव्हती. सर्वेक्षकांनी त्या काळच्या समजुतीप्रमाणे एक गुणक वापरला. तो नुसता पाच टक्क्यांनी चुकला तरी उंचीत पन्नासेक फुटांची चूक येते, आणि तीही सहाही ठिकाणी एकाच बाजूला.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सर्वेक्षण खात्यातल्या सिडनी बरार्ड यांनी प्रकाशाच्या वाकण्याचा नव्याने विचार करून हिशेब मांडला, तेव्हा उंची आली २९,१४१ फूट. म्हणजे वेगळा गुणक घेतल्याबरोबर उत्तर १३९ फुटांनी सरकले. १९५० च्या दशकात भारतीय सर्वेक्षण विभागाने बी. एल. गुलाटी यांच्या नेतृत्वाखाली शिखराच्या बऱ्याच जवळून निरीक्षणे घेतली. त्यातून २९,०२८ फूट, म्हणजे ८,८४८ मीटर, ही कित्येक पिढ्यांनी पाठ केलेली उंची मिळाली.

हे सगळे समोर ठेवून १८५६ च्या आकड्याकडे पुन्हा पाहिले तर काय दिसते? प्रकाशाच्या वाकण्याबद्दलची शंका धरली तर एककाच्या स्थानावरचे २ तर गेलेच, दशकाच्या स्थानाबद्दलही बोलणे कठीण आहे. शंका शेकड्याच्या स्थानापर्यंत पोहोचते. प्रामाणिक लेखन २.९० × १०⁴ फूट असे झाले असते. सार्थ अंक तीन: २, ९ आणि त्यांच्यानंतरचे पहिले शून्य. हे शून्य सर्वेक्षकांनी खरोखर कमावले होते. मैदानातून, शंभर मैलांवरून, परक्या देशातल्या शिखराची उंची शेकड्यापर्यंत सांगणे ही त्या काळात फार मोठी कामगिरी होती, आणि आजच्या उंचीशी ताडून पाहिले तर ते तीसच फुटांनी चुकले होते. पण या कामगिरीचा मान त्या शून्याला मिळाला नाही. तो मिळाला शेवटच्या २ ला, ज्याच्या मागे पुरेसे मोजमापच नव्हते. आकडा अचूक वाटण्यासाठी शेवटी शून्य नसावे, ही समजूत तेव्हापासून आजपर्यंत टिकून आहे.

तिला उत्तर देणारे उदाहरण याच शिखराने पुरवले. १९९९ साली अमेरिकेतल्या नॅशनल जिऑग्राफिक सोसायटीच्या पाठबळाने शिखरावर उपग्रहांद्वारे स्थान सांगणारे यंत्र, म्हणजे जीपीएस, नेऊन उंची मोजली गेली. उत्तर आले ८,८५० मीटर, दोन मीटर कमी-अधिक. ८,८४८ पाठ असलेल्या माणसाला हे ८,८५० पाहून वाटू शकते की कोणीतरी सोयीसाठी गोल केले. प्रत्यक्षात शेवटचे शून्य दोन मीटरच्या शंकेसह मोजून आलेले आहे. ते पहिला शंकेचा अंक आहे, म्हणून सार्थ आहे, आणि संख्येत चार सार्थ अंक आहेत. दशांश चिन्ह नसलेल्या संख्येतले शेवटचे शून्य सोडून द्यावे, या पाठ्यपुस्तकी नियमाने मात्र इथे तीनच भरले असते. नियम फसला, कारण त्याला ‘दोन मीटर कमी-अधिक’ हे चार शब्द दिसत नाहीत.

म्हणूनच प्रयोगशाळेत आणि सर्वेक्षणात सार्थ अंकांच्या नियमांपेक्षा अनिश्चितता उघडपणे लिहिण्यावर भर असतो. आधी अनिश्चितता ठरवायची, तिचा एक किंवा फार तर दोन अंक ठेवायचे, आणि ती ज्या स्थानावर संपते तिथेच मुख्य संख्या तोडायची. २९,००० ± २०० असे लिहिले की शेकड्याचे शून्य मोजलेले आणि त्यापुढची दोन जागा राखणारी, हे लहान मुलालाही कळेल. २०२० साली नेपाळ आणि चीन यांनी मिळून ८,८४८.८६ मीटर ही नवी उंची जाहीर केली. तिथेही विचारायला हवे ते हेच, की शेवटच्या ८६ मागे किती सेंटिमीटरची शंका आहे आणि मोजलेले टोक बर्फाचे की खडकाचे. माथ्यावरच्या बर्फाची जाडी ऋतूनुसार बदलते, त्यामुळे नुसते सहा अंक छापल्याने सहा अंकांची खात्री मिळत नाही.

सार्थ अंक मोजण्याच्या रीतीला आणखी एक मर्यादा आहे आणि ती सहसा शिकवली जात नाही. एका काट्यावर एक वस्तू ९८ ग्रॅम भरली आणि दुसरी १०२ ग्रॅम. काटा तोच, शंका दोन्हीकडे एका ग्रॅमची. तरी पहिल्या संख्येत दोन सार्थ अंक आणि दुसरीत तीन. अंकांची संख्या पाहून दुसरे मोजमाप दसपट बारीक आहे असे म्हणणे चूक ठरेल. सार्थ अंक म्हणजे अनिश्चिततेचे ढोबळ माप आहे. हिशेबात अंक कुठे तोडायचा एवढे ते चांगले सांगते, त्याहून जास्त त्याच्याकडून मागू नये.

शेवटच्या शून्यांचा हा प्रश्न महाराष्ट्रातल्या सर्वांत उंच शिखरालाही लागू होतो, आणि तिथे तो अधिकच चमत्कारिक रूपात भेटतो. कळसूबाईची उंची १,६४६ मीटर दिली जाते. तिचे फूट करायला १,६४६ ला ०.३०४८ ने भागले की ५,४००.२६ येतात. मीटरमधला आकडा शेवटच्या अंकापर्यंत खरा धरला तर त्यात अर्ध्या मीटरची, म्हणजे दीडेक फुटाची शंका आहे. तेव्हा दशांशानंतरचे अंक टाकायचे आणि उरतात ५,४०० फूट. या संख्येतली दोन्ही शून्ये सार्थ आहेत. ती १,६४६ मधल्या ४ आणि ६ इतकीच मोजलेली आहेत, फक्त फुटांत योगायोगाने शून्ये होऊन आली.

पण ज्याच्या हाती नुसते ‘५,४०० फूट’ पडेल तो काय समजेल? पाठ्यपुस्तकी नियमाने तो दोनच सार्थ अंक धरेल. मग त्याच्या लेखी शिखर ५,३५० ते ५,४५० फुटांच्या मध्ये, म्हणजे १,६३१ ते १,६६१ मीटरच्या मध्ये कुठेही असू शकते. तीस मीटरचा हा मोकळा पट्टा शिखरावर नाही आणि मोजमापातही नाही, तो केवळ एकक बदलताना जन्माला आला. त्याने हिशेब करून पुन्हा मीटर काढले आणि दोनच अंक ठेवले, तर १,६०० मीटर लिहील आणि कळसूबाई ४६ मीटरने बुटकी होईल. फुटांतला आकडा द्यायचाच असेल तर ५,४०० ± २ फूट असे लिहावे, किंवा मूळ १,६४६ मीटर शेजारी छापावे. शेजारचा ६ पाहिला की त्या दोन शून्यांना आधार कुठून मिळाला ते वाचणाऱ्याला समजते.